गिरणीला कामगार हवा होता, त्याचं घर नको होतं

आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन लुगडी, चांदीचं एक कडं आणि सुतळीनं बांधलेली मनीऑर्डरीच्या कुपनांची चळत सापडली. मनीऑर्डरीच्या फॉर्मच्या खालच्या टोकाला संदेशासाठी थोडी जागा असायची. पैसे देताना पोस्टमन तेवढा तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, आजी संगमेश्वर तालुक्यातल्या गावी. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनच ओटीवर टेकून कुपन मोठ्यानं वाचायचा आणि सासू, जावा, पोरंटोरं अशा सगळ्यांच्या कानावर ते जायचं. ‘नांगरणीस बैल भाड्याने घ्यावे, आपले विकू नये.’ ‘मोठ्यास शाळेतून काढू नये.’ ‘आईस डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे.’ एका कुपनावर फक्त तीन शब्द होते, ‘औषध वेळेवर घेणे’. ते आजीसाठी होतं हे आम्हाला तारखेवरून कळलं. त्या महिन्यात माझ्या आत्याचा जन्म झाला होता.

आता हे कुटुंब कोणतं म्हणायचं, एकत्र की विभक्त?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. कुटुंबावरची आपल्याकडची सार्वजनिक चर्चा या दोन खुर्च्यांपलीकडे जात नाही. ज्येष्ठ नागरिक संघातलं व्याख्यान असो, दिवाळी अंकातला परिसंवाद असो की लग्नाच्या पंगतीतली गप्पा, कथा एकच. पूर्वी गोकुळासारखी घरं होती, मग कारखाने आले, शहरं आली, लोक चौकोनी कुटुंबात राहायला लागले, सुनांना सासू नकोशी झाली आणि वृद्धाश्रम निघाले. या कथेत उद्योगीकरण हे कारण असतं, पण दोष मात्र नेमका सुनेच्या माथी जातो. कारखाना आणि लहान कुटुंब यांचा संबंध आहे हे मलाही मान्य आहे. पण तो सांगितला जातो तितका सरळ नाही, आणि गिरणगावाइतका चांगला पुरावा आपल्या दाराशी असताना आपण तो पाहत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आधी समाजशास्त्राचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं 1949 मध्ये अडीचशे समाजांची तुलना करून कुटुंबाची चार कामं सांगितली. स्त्रीपुरुष संबंधाला मान्य चौकट देणं, मुलं जन्माला घालणं, मिळून कमावणं आणि खाणं, मुलांना वळण लावणं. टॅलकॉट पार्सन्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ त्याच्या पुढे गेला. त्याचं म्हणणं असं, की आधुनिक समाजात शाळा, दवाखाना, कारखाना, न्यायालय यांनी कुटुंबाकडची बरीचशी कामं उचलली. उरली दोन. लहान मुलाला माणसात आणणं आणि दिवसभर बाहेर झगडून आलेल्या मोठ्या माणसाला संध्याकाळी सावरणं. घरं हे माणसांची व्यक्तिमत्त्वं घडवणारे ‘कारखाने’ आहेत, हा शब्द त्याचाच. आणि या दोन कामांना आईबाप आणि मुलं एवढंच घर पुरतं. उलट मोठं घर आडवं येतं. कारखाना माणसाला आज इथे, उद्या दुसऱ्या गावी पाठवणार. दहा माणसांचं खटलं पाठीवर घेऊन बदलीच्या गावी जाता येत नाही. शिवाय कारखान्यात माणसाची किंमत कामावर ठरते, घरात वयावर आणि नात्यावर. थोरला भाऊ शिपाई आणि धाकटा त्याच कंपनीत इंजिनिअर असेल, तर एका पंगतीत जेवताना कोणी कोणाचं ऐकायचं?

हा शेवटचा मुद्दा पुस्तकी वाटेल, पण आपल्याकडे तो थेट कोर्टात गेला होता. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात कमाई सामाईक धरायची रीत होती. कुटुंबाच्या पैशावर मुलगा शिकला, तर त्या शिक्षणाच्या जोरावर पुढे तो जे मिळवील त्यात सगळ्या भाऊबंदांचा वाटा. शेतीच्या घरात याला अर्थ होता. बैल सामाईक, विहीर सामाईक, मग धान्यही सामाईक. पण 1921 मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर एका आय.सी.एस. अधिकाऱ्याचं प्रकरण आलं. कुटुंबाच्या खर्चानं तो विलायतेत शिकला होता, म्हणून त्याची कमाई एकत्र कुटुंबाची ठरली. पगार एकाच्या नावावर निघतो, साहेबाची बोलणी एकटा खातो आणि मालकी मात्र सगळ्यांची! शिकलेल्या नोकरदार वर्गात यावर खळबळ माजली आणि 1930 मध्ये ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग अ‍ॅक्ट’ आला. त्याचं विधेयक आपल्या मुंबईच्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मांडलेलं होतं. शिक्षण कोणाच्याही पैशावर झालेलं असो, त्यावरची कमाई ज्याची त्याची, असं कायद्यानं सांगितलं.

पगार आणि पीक यांतला फरक इथे उघडा पडतो. पीक घराचं येतं. कोणी पेरलं, कोणी राखण केली, कोणी झोडपलं याचा वेगळा हिशेब नसतो, आणि म्हणून म्हाताऱ्याच्या आणि पोराच्या ताटात काय पडावं याचाही नसतो. पगार माणसाच्या नावानं येतो. तो घरात आणायचा की नाही, किती आणायचा, हा त्या माणसाचा निर्णय होतो. कारखान्यानं घर मोडलं असं म्हणण्यापेक्षा, कारखान्यानं घराऐवजी माणसाला पैसे द्यायला सुरुवात केली असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. एवढ्यापुरता पार्सन्स बरोबर आहे.

पण मग गिरणगावात चौकोनी कुटुंबांचा पूर यायला हवा होता. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. त्यानंतर साठपासष्ट वर्षांनी, 1921 च्या जनगणनेत, या शहरात हजार पुरुषांमागे साधारण सव्वापाचशे बायका होत्या. म्हणजे निम्म्या पुरुषांची चौकोनं एका कोनाचीच होती. आशियातल्या मोठ्या उद्योगनगरींपैकी एक, आणि त्यातला कामगार बायकोपोरांशिवाय राहत होता.

तो कसा राहायचा हे माझ्या घरात नुसतं सांगितलं गेलं नाही, वडिलांनी ते लहानपणी पाहिलं होतं. आजोबा गावकीच्या खोलीत राहायचे. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्यानं घेतलेली ही खोली. दहा बाय बाराची. पंचवीस-तीस माणसं. हे आकडे एका खोलीत बसत नाहीत असं वाटेल, पण ते एकाच वेळी नसायचे. पहिल्या पाळीचे गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर अंग टाकायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. पावसाळा सोडला तर बरेच जण गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. खोलीचे नियम असत. दारू पिऊन यायचं नाही, भांडण झालं तर गावकी मिटवणार, कोणी वारलं तर वर्गणी काढून सगळं करायचं. गोव्याच्या लोकांची धोबीतलाव भागात अशीच व्यवस्था होती, तिला ते कूड म्हणत. बोटीवर काम करणारा गोंयकार दोन सफरींच्या मधल्या काळात आपल्या गावच्या कुडीत उतरायचा.

जेवण खानावळीत. खानावळवाली बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, दहाबारा माणसांचं दोन वेळचं आपल्या खोलीत शिजवायची. पैसे पगाराला, म्हणजे महिनाभर उधारी. मर्डॉकच्या यादीतलं ‘मिळून कमावणं आणि खाणं’ हे काम इथे निम्मं विकत घेतलेलं होतं. घरात बाई स्वयंपाक करते तेव्हा त्याला कोणी काम म्हणत नाही. नेमकं तेच काम लालबागेत खानावळवालीकडून घ्यावं लागलं की महिन्याच्या हिशेबात दिसायला लागायचं. पुढे 1975 मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळात या बायकांची संघटना बांधली आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. तोवर गिरण्या या बायकांच्या उधारीवर चालत होत्या, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती धरू नये. कामगार महिनाभर जेवायचा तो त्यांच्या भांडवलावर.

बाकीची कामं गावाला. मुलं गावी जन्मायची, गावी वाढायची. आजारी पडला की कामगार गावी जायचा, म्हातारा झाला की कायमचा जायचा. संपात तर गावच तारायचं. 1928 चा गिरणी संप पाच महिन्यांहून जास्त चालला, आणि तो चालू शकला याचं एक कारण म्हणजे हजारो कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले. नाचणीची भाकरी तिथे होती.

याचा गिरणीच्या बाजूनं हिशेब मांडून पाहा. एक कामगार तयार व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतात. ती सोळा वर्षं त्याला खाऊ घातलं आजीनं आणि तिच्या वाटणीच्या सात-आठ गुंठे भातानं. तो कामाला लागल्यावर तीसबत्तीस वर्षं गिरणीनं त्याला वापरला. त्यातही आजारपणाचे, मंदीचे, संपाचे महिने पुन्हा गावाच्या खात्यावर. मग म्हातारपणाची पंधरा वर्षं, तीही गावाच्या. गिरणीनं भरायचं ते फक्त कमावत्या वर्षांचं एका माणसाचं पोट आणि वर थोडी मनीऑर्डर. गावचं एकत्र घर मोडलं असतं, तर गिरणीला एवढ्या स्वस्तात माणूस मिळालाच नसता. गावचं खटलं हा गिरणीच्या ताळेबंदात न दिसणारा विभाग होता.

यात बदलीची पद्धत आणखी भर घालायची. बदली कामगार म्हणजे कायम नसलेला. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम, नाहीतर परत. 1935 पासून मालकांनी बदलीवाल्यांना पास द्यायला सुरुवात केली, पण त्याआधी आणि बऱ्याच अंशी त्यानंतरही, आत कोणाला घ्यायचं हे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर होतं. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला असला तर दार उघडायचं. आजोबांना त्यांच्या चुलत्यानं चिकटवलं आणि आजोबांनी आपल्या मेव्हण्याला. शिमग्याला नाहीतर पेरणीला गावी जाताना आपल्या जागी भावाला उभं करून जायचं, म्हणजे जागाही राहते आणि भाऊही शिकतो. कारखान्यात माणसाची किंमत कामावर ठरते, नात्यावर नाही, हे पार्सन्सचं सूत्र गिरणीच्या फाटकापाशीच अडखळतं.

हे फक्त हिंदुस्तानचं मागासलेपण होतं असंही नाही. ज्या इंग्लंडमध्ये कारखाने आधी आले, तिथेच हे सूत्र उलटं निघालं. पीटर लॅस्लेट हा इतिहासकार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या गावयाद्या तपासल्या, तेव्हा कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडमधली बहुतेक घरं लहानच होती असं दिसलं. आईबाप आणि मुलांपलीकडचा नातेवाईक जेमतेम दहा टक्के घरांत होता. आणि मायकेल अँडरसननं प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावाची 1851 ची खानेसुमारी काढली, तर असा नातेवाईक 23 टक्के घरांत सापडला. म्हणजे गिरण्या आल्यावर घरं वाढली. कारण आपल्याला ओळखीचंच आहे. आई गिरणीत जाते तेव्हा मूल सांभाळायला आजी लागते, भाडं परवडायला भाऊ लागतो, नोकरी मिळायला मामा लागतो. पेन्शन नाही, विमा नाही, दवाखाना नाही, अशा काळात नातेवाईक हीच एक सोय असते.

मग आपल्याकडे चौकोनी कुटुंब आलं कधी? माझ्या घरात ते 1971 मध्ये आलं. वडील ठाण्याच्या एका कारखान्यात कायम झाले आणि दोन वर्षांत त्यांना हौसिंग बोर्डाची दीड खोली मिळाली. तोवर आईला गावीच ठेवलेलं होतं. खोलीची किल्ली मिळाल्यावर तिला आणलं. ‘कायम’ आणि ‘खोली’ या दोन शब्दांच्या मध्ये आमचं विभक्त कुटुंब जन्माला आलं. त्याच्या मागे कायद्यांची एक रांग उभी होती. कामगार विम्याचा कायदा 1948 चा, त्यामुळे आजारी पडलं तर ई.एस.आय.चा दवाखाना आणि अर्ध्या पगाराची सोय. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1952 चा, त्यामुळे म्हातारपणाला गाठीशी काहीतरी. औद्योगिक कामगारांसाठी सबसिडीच्या घरांची योजनाही 1952 चीच. नगरपालिकेची शाळा, रेशनचं दुकान. एकत्र घर जी कामं करत होतं, त्यांतली एकेक कोणीतरी दुसऱ्यानं उचलली तेव्हाच ते दीड खोलीतलं घर आपल्या पायावर उभं राहिलं. किर्लोस्करवाडीत 1910 पासून आणि पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीत पन्नाशीच्या दशकापासून हेच दिसतं. जिथे मालकानं किंवा सरकारनं कारखान्याबरोबर वसाहत आणि शाळा बांधली, तिथे कामगार बायकोपोरांसह राहिला. जिथे नुसती गिरणी बांधली, तिथे तो गावकीच्या खोलीत राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. विभक्त कुटुंब हे यंत्राचं अपत्य नाही, ते कायम नोकरीचं आहे. आणि कायम नोकरी हा उद्योगीकरणाचा नियम नव्हता. तो संप करून, कायदे करून मिळवलेला एक तुकडा होता, फार थोड्यांच्या वाट्याला आलेला.

तो तुकडा काढून घेतला की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे धाकटे काका त्यांतले एक. तेही तोवर गिरणीत कायम होऊन काळाचौकीला खोली करून काकू आणि दोन मुलांसह राहत होते. चार महिन्यांत काकू आणि मुलं गावी गेली. वर्षाच्या आत काका खोली विकून आमच्या दीड खोलीत आले आणि तीन वर्षं गॅलरीत झोपले. काकूंनी गावी सासूसासऱ्यांबरोबर पुन्हा चूल मांडली. त्या घरात ‘एकत्र कुटुंबाची मूल्यं’ परत आली होती असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. काकू त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सगळंच पोटाच्या हिशेबानं ठरतं का? आज ज्यांची कमाई चांगली आहे, घर मोठं आहे, तेही वेगळे राहतातच की. खरं आहे. आणि उलट बाजूही खरी आहे. आपल्या देशात एकत्र घर नेहमीच जमीनदाराचं, व्यापाऱ्याचं, दुकानदाराचं जास्त राहिलं. भूमिहीन मजुराचं घर कारखाना यायच्या आधीपासून लहान होतं, कारण वाटून घ्यायला आणि धरून ठेवायला काही नव्हतं. गोकुळाची आठवण काढणारे बहुतेक जण ज्यांच्याकडे गोकुळ परवडत होतं त्यांचे नातू असतात.

पण पोटापलीकडेही काही होतंच. आजी पंचवीस वर्षं मुंबईच्या खोलीची वाट पाहत होती. तिला आजोबांची ओढ होती हे तर झालंच, पण सासूच्या हाताखालची चूल तिला नको होती हेही तिनं मला स्वतः सांगितलं होतं. भांड्यात किती तांदूळ घालायचे हे तिला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत विचारून ठरवावं लागलं. घरातल्या कर्त्याला मान असतो तेव्हा तो कोणाच्यातरी वाट्याचा काढलेला असतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा सुनेच्या वाट्याचा होता. पगार माणसाच्या नावानं यायला लागल्यावर पहिल्यांदा धाकट्या भावाला आणि मग नोकरी करणाऱ्या सुनेला ‘नाही’ म्हणता आलं. याला कोणी घरफोडेपणा म्हणो. मला ते कर्तेपणाचं वाटप वाटतं.

आणि ‘विभक्त’ झालेली घरं खरंच किती विभक्त असतात? इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा अशा खुणा दिल्या. आमचं छप्पर 1971 मध्ये वेगळं झालं, चूलही. सातबाऱ्यावर मात्र आजही अकरा नावं आहेत आणि गणपती एकच येतो, गावच्या घरात. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास करताना नेमकं हेच पकडलं होतं, की वेगळं राहणं आणि वेगळं होणं या दोन गोष्टी आहेत. नात्याची देवाणघेवाण, अडीअडचण, लग्नकार्य यांत एकत्रपणा किती उरला हे घरातली डोकी मोजून कळत नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे 832 बायका होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात 1122. या दोन आकड्यांच्या मध्ये अजूनही हजारो घरं ताणून बांधलेली आहेत. मोजणीच्या कागदावर ती दोन ठिकाणी दोन अर्धी घरं म्हणून दिसतात.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो, कारण त्यासाठीच हे लिहायला घेतलं. म्हातारपण आणि बालपण ही कुटुंबाची दोन सर्वांत खर्चिक कामं. ती आज कोणी करायची? 2007 मध्ये आपण आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलं सांभाळत नसतील तर म्हातारा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मागू शकतो. ज्या घरात पैसा आहे आणि मन नाही, तिथे हा कायदा कामाचा आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्याच्या मुलाचा स्वतःचाच पगार दहा-बारा हजार आहे आणि तोही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, त्या म्हाताऱ्यानं न्यायाधिकरणासमोर काय मागायचं? आणि सरकार स्वतः काय करतं? गरीब वृद्धासाठीच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे. राज्य त्यात आपली भर घालतं, पण केंद्राचा हा आकडा वर्षानुवर्षं हललेला नाही. मुलाकडून दहा हजारांपर्यंत वसूल करायला तयार असलेली व्यवस्था स्वतः दोनशेवर थांबते.

लहान मुलांचं तसंच. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. कागदावर चांगलंच आहे. पण आपल्याकडचा बहुसंख्य कामगार पन्नासच्या आतल्या वर्कशॉपात, दुकानात, बांधकामावर, नाहीतर ठेकेदाराच्या यादीत असतो. शिवाय रजेचा पगार मालकानंच द्यायचा असेल तर तरुण बाईला कामावर घेताना त्याचा हात आखडतो. गिरण्यांत हे आधी घडून गेलं आहे. एकेकाळी रिळिंग, वाइंडिंग अशा सूत गुंडाळण्याच्या खात्यांत मिळून गिरणी कामगारांत पाचांत एक बाई होती. मुंबई इलाख्यात 1929 मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, त्याचा खर्च मालकावर होता. पुढच्या दशकांत रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं आणि हा खर्च, सगळं मिळून बायका गिरणीतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या घरी गेल्या, म्हणजे खानावळी चालवायला गेल्या.

नोकरी पुन्हा बदलीवाल्याची करायची आणि कुटुंबाकडून मात्र कायम नोकरीच्या काळातली सगळी कर्तव्यं मागायची, हे जमणारं नाही. सुनेला संस्कार शिकवून तर नाहीच. पाळणाघराचा आणि पेन्शनचा पैसा एकेका मालकाच्या किंवा एकेका मुलाच्या खिशातून न काढता सगळ्या मालकांच्या वर्गणीतून आणि करातून काढावा, म्हणजे बाईला कामावर ठेवणारा मालक आणि गरीब मुलगा यांनाच दंड बसणार नाही. कामगार विम्याच्या कायद्यात आपण ही युक्ती 1948 मध्येच वापरली होती. ठेकेदाराच्या माणसापर्यंत ती नीट पोचवली नाही, एवढंच.

गेल्या वर्षी कामानिमित्त चाकणला एका खोलीत गेलो होतो. दहा बाय बारा असेल. सहा लोखंडी कॉट, पाळीप्रमाणे वापरायच्या, ‘कॉट बेसिस’वर. मुलं परभणी-हिंगोलीकडची, सगळी ठेक्यावर. डबा एका मावशींचा, पैसे पगाराला. ट्रंकेऐवजी बॅगा होत्या आणि खुंटीला फोनचे चार्जर लटकत होते. एका मुलाचं मूल सात महिन्यांचं, गावी त्याच्या आईकडे. बायको उसाला गेलेली. त्यानं माझ्यासमोरच आईला फोनवरून पैसे पाठवले. पाठवताना खाली एक ओळ लिहायची जागा येते. त्यात त्यानं टाइप केलं, ‘आई डोळ्याचा ड्रॉप आण’, आणि मग ते खोडून लिहिलं, ‘पिल्लूचा डोस’.